उपासात मेंदूला कोण पोसते?

मध्यम बांध्याच्या, ६५ किलो वजनाच्या माणसाच्या अंगावर साधारण १२ किलो चरबी असते. तिची ऊर्जा मोजली तर ती १ लाख कॅलरींच्या वर भरते, म्हणजे नुसत्या पाण्यावर राहिले तरी जवळपास दोन महिने पुरेल इतकी. त्या मानाने साखरेचा साठा अगदीच तुटपुंजा. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात ७० ते १०० ग्रॅम साखर असते. स्नायूंमध्ये त्याच्या तीन-चार पट असते, पण ती रक्तात सोडायला लागणारे एन्झाइम स्नायूंकडे नाही, त्यामुळे ती जिथे साठली तिथेच वापरली जाते. आता खर्चाकडे पाहू. मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो, शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते तिचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. रोजच्या जेवणखाणात तो दिवसाला १०० ते १२० ग्रॅम साखर जाळतो आणि झोपेतही हा खर्च फारसा उतरत नाही. यकृतातला साठा एका दिवसात संपत येतो. पुढे काय, हा उपासाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. उपास कोणी करावा, किती करावा आणि कुठे थांबावे याचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

इतकी चरबी असताना मेंदूची अडचण का व्हावी, असे कोणालाही वाटेल. अडचण दोन बाजूंनी आहे. चरबी रक्तात येते ती मेदाम्लांच्या रूपात, आणि ही मेदाम्ले पाण्यात विरघळत नसल्यामुळे अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात. हृदय, स्नायू, मूत्रपिंड त्यांच्यावर छान चालतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर मात्र इतके घट्ट विणलेले असते की मेदाम्ले आत झिरपतात ती फार सावकाश, आणि आत गेली तरी चेतापेशी त्यांना जाळून गरजेपुरती ऊर्जा मिळवू शकत नाहीत. दुसरी बाजू अशी की चरबीची साखर करण्याचा मार्ग माणसाच्या शरीरात जवळजवळ बंद आहे. मेदाम्ले मोडून दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांपासून परत ग्लुकोज तयार करता येत नाही. चरबीच्या रेणूत मेदाम्लांना बांधून ठेवणारे ग्लिसरॉल तेवढे साखरेत बदलते, पण त्यातून दिवसाला जेमतेम २० ग्रॅम साखर मिळते. उरलेली साखर शरीराला एकाच मोठ्या साठ्यातून काढता येते, प्रथिनांतून. आणि प्रथिनांचा मोठा साठा म्हणजे आपले स्नायू.

आता हिशोब मांडून पाहू. मेंदूला रोज १०० ग्रॅम साखर हवी, त्यातली २० ग्रॅम ग्लिसरॉलने दिली, तर ८० ग्रॅम उरतात. १०० ग्रॅम प्रथिनांतून ५७ ग्रॅमच्या आसपास साखर होते, म्हणून ८० ग्रॅमसाठी साधारण १४० ग्रॅम प्रथिने मोडावी लागतील. स्नायूंच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग प्रथिनांचा असतो. म्हणजे रोज ७०० ग्रॅम स्नायू गेले. आपल्या ६५ किलोच्या माणसाकडे २५ किलो स्नायू धरले, तर अडीच आठवड्यांत ते निम्मे होतील. श्वासाचे स्नायूही त्यातच आले, त्यामुळे त्याआधीच प्राण जाण्याची वेळ येईल. पण प्रत्यक्षात तसे घडत नाही. लाहोरच्या तुरुंगात उपोषणाला बसलेले क्रांतिकारक जतीन दास १३ सप्टेंबर १९२९ रोजी, ६३व्या दिवशी गेले. १९८१ साली उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात अन्नत्याग करून जे दहा कैदी मरण पावले, ते ४६ ते ७३ दिवस तगले. हिशोब अडीच आठवडे सांगतो आणि माणसे दोन महिने जगतात, तेव्हा हिशोबातले एखादे गृहीतक चुकलेले असले पाहिजे. चुकले ते हे, की मेंदूला साखरच लागते.

याचा थेट पुरावा १९६७ साली बॉस्टनमधून आला. ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिलठ्ठपणासाठी रुग्णालयात राहून पाच-सहा आठवडे उपास करत असलेल्या तीन जणांचा अभ्यास केला. मेंदूतून बाहेर पडणारे रक्त मानेतल्या शिरेतून घेतले आणि मेंदूकडे जाणारे रक्त धमनीतून. दोन्हींत काय किती आहे याची वजाबाकी केली की मेंदूने वाटेत काय काढून घेतले ते कळते. मेंदू साखर घेत होता, पण नेहमीपेक्षा फार कमी. त्याच्या इंधनाचा निम्म्याहून मोठा वाटा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोॲसिटेट या दोन पदार्थांनी उचलला होता. हेच केटोन. तोवर वैद्यकशास्त्रात त्यांची ओळख मुख्यतः मधुमेहाच्या रुग्णाच्या लघवीत दिसणारा विषारी कचरा अशी होती. हे मोजमाप आले आणि स्नायूंच्या हिशोबाचे कोडेही सुटले. पाण्यावरच्या उपासात पहिल्या काही दिवसांत रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मोडतात, काही आठवड्यांनी ती २० ग्रॅमपर्यंत खाली येतात. लघवीतून जाणारा नायट्रोजन मोजून हा उतार स्पष्ट दिसतो. मेंदू केटोनवर वळतो, साखरेची मागणी कमी होते, आणि तेवढे स्नायू वाचतात. माझ्या मते केटोनकडे पाहण्याची योग्य जागा हीच आहे. वजन उतरल्याची खूण किंवा शरीर ‘शुद्ध’ झाल्याचा दाखला म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या हातून त्यांचे खरे काम निसटते. मेंदूपर्यंत चरबी पोचवायची आणि स्नायू राखायचे, हे ते काम.

यावर एक रास्त शंका घेता येते. मेंदू केटोन ओढून घेतो हे दिसले, पण त्यावर त्याचे काम नीट चालते कशावरून? १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अर्न्स्ट ड्रेनिक यांच्या गटाच्या प्रयोगाने याचे उत्तर दिले. दोन महिन्यांच्या उपासानंतर, रुग्णालयातल्या देखरेखीखाली, त्यांनी लठ्ठ व्यक्तींना इन्शुलिन टोचले. काहींची रक्तशर्करा २० मिलिग्रॅमच्याही खाली गेली. एरवी एवढ्या साखरेवर माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. या व्यक्तींना तसा काहीच त्रास झाला नाही, कारण रक्तातले केटोन मेंदूला पुरत होते. (हा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही, आणि घरी तर तो कोणीच करू नये.) उलट्या बाजूचा पुरावा याहून करुण आहे. काही बालकांमध्ये जन्मतःच मेदाम्ले मोडणाऱ्या साखळीतले एखादे एन्झाइम नसते. एरवी ती खेळतीबागडती असतात, पण तापात किंवा उलट्यांमुळे एक रात्र उपाशी राहिली की साखर घसरते, केटोन तयार होत नाहीत, आणि मूल झटके येऊन बेशुद्ध पडते. केटोन नसले तर उपासात मेंदूची काय गत होते, हे या बालकांच्या आजारातून कळते.

केटोन बनतात यकृतात, आणि त्यांचा हुकूम इन्शुलिनकडून सुटतो. जेवून बराच वेळ झाला की रक्तातले इन्शुलिन उतरते आणि ग्लुकागॉन चढते. इन्शुलिन उतरल्यावर चरबीच्या पेशींतली मेदाम्ले मोकळी होऊन यकृताकडे येतात. यकृतपेशीत मेदाम्ले जाळण्याची जागा म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पण तिच्या दारावर एक अडसर असतो. पोट भरलेले असताना यकृत साखरेपासून नवी चरबी बनवत असते, आणि त्या कामात तयार होणारा मॅलोनिल-कोए नावाचा पदार्थ ते दार बंद ठेवतो. एकाच वेळी चरबी बनवणे आणि जाळणे हा वेडेपणा टाळण्याची ही सोय आहे. उपासात मॅलोनिल-कोए कमी होतो, दार उघडते आणि मेदाम्ले आत शिरून दोन कार्बनच्या तुकड्यांत मोडतात. ते सगळे यकृताला स्वतःसाठी जाळता येत नाहीत. म्हणून ते जोडून चार कार्बनचे ॲसिटोॲसिटेट तयार होते आणि त्यातले बरेचसे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट होऊन रक्तात जाते. ॲसिटोॲसिटेटचा थोडा भाग आपोआप मोडून ॲसिटोन होतो. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा जो वास लांब उपासात तोंडाला येतो, तो याचाच. केटोन परत वापरण्यासाठी लागणारे एन्झाइम यकृतात नसते, ते मेंदूत, हृदयात आणि स्नायूंत असते. त्यामुळे यकृत आपला माल स्वतः खाऊ शकत नाही, सगळा बाहेर पाठवते. हे रेणू लहान आणि पाण्यात विरघळणारे असतात, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात त्यांना आत घेणारी वाहक प्रथिने असतात. जी चरबी मेदाम्लांच्या रूपात दाराशीच थबकली होती, ती या नव्या रूपात आत जाते.

आता हे आपल्याकडच्या उपासांना लावून पाहू. समजा, रात्री ८ वाजता जेवण झाले आणि त्यानंतर फक्त पाणी. सकाळपर्यंत यकृताने साठ्यातला बराचसा भाग खर्च केलेला असतो, पण रक्तातले केटोन अजून ०.१ ते ०.३ मिलिमोल एवढेच असतात. दुसऱ्या रात्री ८ वाजता, २४ तास पुरे झाल्यावर, ते अर्ध्या मिलिमोलच्या घरात पोचतात. मेंदू केटोन किती घेणार हे रक्तात ते किती आहेत यावरच ठरते, म्हणून या टप्प्याला त्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो. दोन-तीन दिवसांनी पातळी १ ते ३ मिलिमोल होते आणि मेंदूचे सुमारे चतुर्थांश काम केटोनवर चालू लागते. आठवड्याने ती ५-६ वर जाते आणि पुढे ६ ते ८ च्या आसपास स्थिरावते. याचा अर्थ सरळ आहे. निर्जळी एकादशी किंवा हरतालिकेचा कडकडीत उपास केटोनच्या उंबरठ्यापर्यंत नेतो, आत नेत नाही. रोज्याचे १३-१४ तास तर त्याच्याही अलीकडे संपतात. साबुदाण्याच्या उपासात तेवढेही होत नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. मूठ-दीड मूठ कोरड्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली की ५०-६० ग्रॅम साखर रक्तात येते, इन्शुलिन चढते, मायटोकॉन्ड्रियाचे दार पुन्हा बंद होते आणि यकृताचा साठा भरू लागतो. बटाटा, रताळे, वरईचे तांदूळ यांचेही तेच. व्रत म्हणून हा उपास खरा आहे आणि त्याचा हिशोब केटोनमध्ये करण्याचे कारण नाही. पण आठवड्याला खिचडीचा उपास करून आपली चरबी केटोन होऊन जळते, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

यावर कोणी म्हणेल, केटोन मेंदूला इतके मानवतात तर मुद्दाम लांब उपास करून ते वाढवावेत. अपस्मारात औषधांना दाद न देणाऱ्या बालकांना केटोजेनिक आहार देतात, याचा दाखलाही दिला जातो. तो आहार १९२० च्या दशकापासून वापरात आहे आणि अनेक बालकांना त्याचा गुण येतो, हे खरे आहे. पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालची, ग्रॅममध्ये मोजून दिलेली उपचारपद्धती आहे. निरोगी माणसाने आठ दिवस उपाशी राहिल्याने बुद्धी तल्लख होते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय स्नायूंचा हिशोब पुन्हा आठवावा. केटोन पुरेसे वाढेपर्यंतचा जो काळ, म्हणजे पहिले चार-पाच दिवस, त्यातच स्नायूंची झीज सर्वांत जास्त होते. दर महिन्याला तीन दिवस पाण्यावर राहणारा माणूस दर वेळी त्याच महागड्या टप्प्यातून जातो आणि बचतीचा टप्पा सुरू होण्याआधीच थांबतो. ज्याचे वय साठीच्या पुढे आहे किंवा ज्याच्या हातापायांचे स्नायू आधीच बारीक झाले आहेत, त्याला मी हे अजिबात सुचवणार नाही.

दुसरा आक्षेप अगदी विरुद्ध टोकाचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. मधुमेहात केटोनमुळे माणसे दगावतात, मग उपासात ते निर्धोक कसे? फरक इन्शुलिनच्या शिल्लक पातळीचा आहे. उपासात इन्शुलिन कमी होते, पण शून्य होत नाही. केटोन वाढले की तेच थोडे इन्शुलिन चरबीचे मोडणे आवरते, आणि म्हणून पातळी ६ ते ८ वर थांबते. तेवढे आम्ल रक्त पेलू शकते. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन बनतच नाही, त्यांच्यात हा लगाम नसतो. केटोन काही आठवड्यांत नव्हे तर काही तासांत १० च्या, कधी २० च्याही वर जातात आणि रक्ताची आम्लता धोक्याच्या पलीकडे जाते. म्हणून केटोनचा आकडा एकटा वाचू नये. तीन दिवस उपाशी असलेल्या निरोगी माणसात ३ मिलिमोल हे अपेक्षितच आहे, इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहीत तोच आकडा तातडीने रुग्णालय गाठण्याचा आहे.

मोजायचेच असेल तर कशाने मोजतो हेही पाहावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीच्या पट्ट्या फक्त ॲसिटोॲसिटेट दाखवतात, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट त्यांना दिसत नाही. उपासात रक्तातल्या केटोनचा मोठा वाटा याच दुसऱ्या पदार्थाचा असतो आणि मधुमेहाच्या तीव्र अवस्थेत तो आणखी वाढतो. त्यामुळे पट्टीचा फिका रंग पाहून निश्चिंत होणे चुकीचे ठरू शकते. भरपूर पाणी प्यालेल्या माणसाची लघवी पातळ होऊनही रंग फिका येतो. बोटाच्या थेंबावर चालणारे केटोन मीटर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजते आणि ते जास्त भरवशाचे आहे.

आपल्याकडे केटोनचा पूर्ण प्रवास घडतो तो पर्युषणातल्या अठ्ठाईत, जेव्हा जैन बांधव आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर राहतात, आणि काही जण मासखमणात महिनाभर. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इन्शुलिन उतरले की पहिल्या काही दिवसांत मूत्रपिंडे बरेच मीठ बाहेर टाकतात, म्हणून उठताना चक्कर येते, रक्तदाब घसरतो. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, उपासाआधी डॉक्टरांकडून कमी-जास्त करून घ्याव्यात. केटोनमुळे मूत्रपिंडांतून युरिक ॲसिड बाहेर पडणे मंदावते, त्यामुळे ज्यांना गाऊटचा त्रास आहे त्यांचा सांधा याच काळात सुजू शकतो. आणि सर्वांत जपायचे ते पारण्याला. दिवसच्या दिवस चरबी आणि केटोनवर चाललेल्या शरीरात एकदम साखर आली की इन्शुलिन उसळते, आणि त्याच्यासोबत रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचले जाते. हृदयाची लय बिघडण्याचा, श्वास कमकुवत होण्याचा धोका उपासातल्या कोणत्याही दिवसापेक्षा या पहिल्या दोन-तीन दिवसांत अधिक असतो. पाच दिवसांहून लांब उपास सोडताना पहिले दोन दिवस नेहमीच्या निम्म्याहून जास्त खाऊ नये. मुगाच्या पाण्याने, थोड्या थोड्या अन्नाने सुरुवात करण्याची रीत उत्तम आहे. पारण्याला आग्रहाने शिरा आणि सरबत देणे टाळावे. दहा दिवसांहून लांब उपास झाला असेल तर रक्त तपासूनच पुढे जावे.

काहींनी लांब उपास करूच नये. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत केटोन फार वेगाने चढतात, कारण बाळासाठी साखर सतत बाहेर जात असते. लहान मुलांचे यकृत लहान आणि मेंदू शरीराच्या मानाने मोठा, त्यामुळे मोठ्यांना कित्येक दिवसांनी येणारी पातळी त्यांना एक-दीड दिवसात येते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर केटोन तयार होण्याआधीच घसरते. ड्रेनिक यांच्या प्रयोगातले लोक दोन महिन्यांच्या केटोनवर तगले होते, पहिल्या दिवशीच्या उपाशी माणसाला ते संरक्षण नसते. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे उपासात केटोन धोक्याच्या पातळीला गेले तरी रक्तशर्करा जवळपास नेहमीसारखीच दिसू शकते आणि घरातले मीटर खोटा धीर देते. या गोळ्या उपासाच्या किती दिवस आधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि उपासात उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास किंवा गुंगी सुरू झाली, तर साखर कितीही चांगली असो, ताबडतोब रुग्णालय गाठा, तिथे आपण कोणती गोळी घेतो ते सांगा आणि रक्तातले केटोन तपासायला सांगा.